‘k साठी खरं समजा’ म्हणजे नेमकं काय समजायचं?

प्रश्न: इंडक्शनमध्ये आधी ‘k साठी खरं समजा’ म्हणतात आणि मग k + 1 साठी सिद्ध करतात. पण जे सिद्ध करायचं तेच आधी खरं धरलं, मग हे गोल गोल फिरणं नाही का? दुसरं म्हणजे 2ⁿ > n² हे मी खालीलप्रमाणे सिद्ध केलं. सरांनी ‘उलटं लिहिलंय’ एवढाच शेरा मारून ५ पैकी १ मार्क दिला. नंतर माझ्या लक्षात आलं की n = 3 ला 8 > 9 येतं, म्हणजे विधानच खोटं आहे! मग सिद्धता जमली कशी?

माझं उत्तर:

```
n = 1:  2 > 1, खरं.
समजा सर्व k साठी 2ᵏ > k².
आता        2ᵏ⁺¹ > (k + 1)²
म्हणून     2·2ᵏ > k² + 2k + 1
म्हणून     2k² > k² + 2k + 1     (कारण 2ᵏ > k²)
म्हणून     k² > 2k + 1
k मोठा असला की हे खरं आहे. म्हणून सिद्ध.
```

उत्तर:

वहीतल्या ओळी जशाच्या तशा दिल्यास हे फार बरं केलंस. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला बरीच वर्षं शिकवते. ‘इंडक्शन कळत नाही’ म्हणून येणाऱ्या मुलांना मी आधी वही उघडायला सांगते, कारण घोळ बहुतेक वेळा कल्पनेत नसतो, लिहिलेल्या एखाद्या ओळीत असतो. तुझ्या उत्तरात तो दुसऱ्याच ओळीत आहे, आणि त्या ओळीतला एक शब्द तुझ्या पहिल्या शंकेचंही मूळ आहे. तो शब्द म्हणजे ‘सर्व’.

‘समजा सर्व k साठी 2ᵏ > k²’ असं एकदा लिहिलं की पुढे काही उरतच नाही. सर्व k मध्ये k + 1 पण आला, 3 पण आला, 1000 पण आला. जे मागितलंय ते सगळं गृहीत धरून झालं. तेव्हा तुझी शंका अगदी रास्त आहे: तू लिहिलंस ते खरोखरच गोल गोल फिरणं आहे. फक्त ते इंडक्शन नव्हे. इंडक्शनमधलं वाक्य असं असतं: ‘k ही 5 किंवा त्याहून मोठी कोणतीही एक नैसर्गिक संख्या घ्या, आणि त्या एका k साठी 2ᵏ > k² आहे असं समजा.’ इथे k एकच आहे. तो कोणता हे आपण सांगत नाही, पण लिहिताना मनात एकच संख्या धरलेली असते, आणि तिच्या शेजारच्या k + 1 बद्दल आपल्याला अजून काहीही माहीत नसतं.

फरक बारीक वाटतो ना? मग त्याचा परिणाम बघ. पहिल्या n संख्यांच्या बेरजेचं सूत्र सिद्ध करताना दरवर्षी दोन-तीन वह्यांत मला हे सापडतं:

```
समजा  1 + 2 + … + n = n(n + 1)/2
n च्या जागी k + 1 घालून
1 + 2 + … + (k + 1) = (k + 1)(k + 2)/2
म्हणून k + 1 साठीही खरं.
```

ही शुद्ध फसवणूक आहे, आणि मुलं ती अगदी प्रामाणिकपणे करतात. ‘सर्व n साठी’ असं मनात धरलेलं असल्यामुळे सूत्रात k + 1 घालणं त्यांना गैर वाटत नाही. कुठलंही खोटं सूत्र या पद्धतीने सिद्ध होईल, कारण सूत्र खरं आहे की नाही याचा इथे संबंधच आलेला नाही. नीट लिहिणारा मुलगा k पर्यंतची बेरीज घेतो, तिच्यात k + 1 हे पद मिळवतो आणि k(k + 1)/2 + (k + 1) याची आकडेमोड करून (k + 1)(k + 2)/2 पर्यंत पोचतो. त्याने गृहीतक वापरलं ते फक्त k च्या जागी. k + 1 पर्यंतचं अंतर त्याने स्वतः चालून काढलं.

मग त्या एका k साठी तरी ‘खरं समजा’ का म्हणायचं, तेही गृहीत धरणंच झालं की, असं तू म्हणशील. हो, पण कशासाठी ते पाहा. विगमनाच्या, म्हणजे इंडक्शनच्या, पायरीत (वर्गात आपण तिला स्टेपच म्हणतो) आपण ‘k साठी खरं आहे’ हे सिद्ध करत नाही, आणि ‘k + 1 साठी खरं आहे’ हेही सिद्ध करत नाही. आपण सिद्ध करतो ते एक ‘जर-तर’: जर k साठी खरं असेल, तर k + 1 साठीही खरं असेल. मित्र म्हणाला, ‘पगार झाला की तुझे उसने पैसे परत करतो,’ तर त्याचा पगार झाला असं कुणी समजत नाही. त्याने फक्त दोन गोष्टींची गाठ मारून दिली. पगार झाला की नाही हे वेगळं बघावं लागतं.

यावर विश्वास बसायचा तर एक धडधडीत खोटं विधान घेऊ. समजा कुणी म्हणालं की

1 + 2 + … + n = n(n + 1)/2 + 7

हे एकाही n साठी खरं नाही. पण स्टेप करून बघ. एखाद्या k साठी हे खरं समज आणि दोन्ही बाजूंना k + 1 मिळव. उजवीकडे k(k + 1)/2 + (k + 1) + 7, म्हणजेच (k + 1)(k + 2)/2 + 7 येतं. हे नेमकं k + 1 साठीचं विधान आहे. स्टेप निर्दोष आहे! त्यात कुठेही चूक काढता येणार नाही. ‘7 जास्त’ ही खोटी गोष्ट एकदा आत आली की पुढे तशीच सरकत राहते, एवढंच ती स्टेप सांगते. n = 1 तपासायला गेलो की डावीकडे 1 आणि उजवीकडे 8 येतात, आणि सगळं तिथेच संपतं.

‘k साठी खरं समजा’ म्हटल्याने विधान खरं ठरत असतं, तर हे +7 वालंही खरं ठरलं असतं. ते ठरत नाही, म्हणजे त्या समजण्याने आपल्याला फुकट काहीच मिळत नाही. खऱ्याची सुरुवात बेसमधूनच, म्हणजे हाताने तपासलेल्या पहिल्या संख्येपासूनच, व्हावी लागते. उलट, बेस आणि स्टेप दोन्ही हातात असतील तर विधान कुठेही खोटं पडायला जागा उरत नाही. समज, कुठेतरी खोटं पडलं. मग ते जिथे खोटं पडतं अशा संख्यांपैकी सगळ्यात लहान संख्या m घे. m ही बेसची संख्या नाही, कारण बेस आपण हाताने तपासलाय. म्हणून m च्या आधीची m − 1 आपल्या पट्ट्यात आहे, आणि m सगळ्यात लहान असल्यामुळे m − 1 साठी विधान खरं आहे. पण स्टेप म्हणते की m − 1 साठी खरं तर m साठीही खरं. झाली विसंगती. यात आपण फक्त एवढं वापरलं की नैसर्गिक संख्यांच्या कुठल्याही रिकाम्या नसलेल्या संचात एक सगळ्यात लहान संख्या असते. हा नैसर्गिक संख्यांचा मूळ गुण आहे. पेआनोने १८८९ मध्ये नैसर्गिक संख्यांची गृहीतके मांडली तेव्हा विगमन हेच त्यांतलं एक गृहीतक म्हणून ठेवलं. ऋण पूर्णांक धरले किंवा वास्तव संख्या घेतल्या तर ‘सगळ्यात लहान’ मिळेलच असं नाही, म्हणून तिथे ही युक्ती आहे तशी चालत नाही.

आता ‘उलटं लिहिलंय’ या शेऱ्याकडे येऊ. तुझ्या सरांनी चार शब्द जास्त लिहिले असते तर बिघडलं नसतं, पण शेरा बरोबर आहे.

तू तिसऱ्या ओळीत ‘आता 2ᵏ⁺¹ > (k + 1)²’ असं लिहिलंस. ते कुठून आलं? तेच तर सिद्ध करायचं होतं. तिथून तू ‘म्हणून, म्हणून’ करत खाली आलीस आणि एका खऱ्या गोष्टीवर थांबलीस. पण खोट्यापासून निघून खऱ्यावर पोचणं अजिबात कठीण नाही. −3 = 3 लिही, दोन्ही बाजूंचा वर्ग कर, 9 = 9 आलं. शेवटची ओळ खरी आहे म्हणून पहिली खरी होत नाही. ‘म्हणून’चा बाण वरून खाली जातो, खालचा खरेपणा त्यावरून वर चढत नाही. म्हणून सिद्धतेत ज्याचा शोध आहे ते सगळ्यात शेवटी यायला हवं. सुरुवातीला आलं तर ती दुसऱ्या प्रकारची चक्राकार मांडणी झाली, आणि ‘सर्व k’ पेक्षा हीच जास्त वह्यांत दिसते.

तुझ्या पाचव्या ओळीत तर बाण वरून खालीही जात नाही. तिथे तू 2·2ᵏ > (k + 1)² आणि 2·2ᵏ > 2k² या दोन गोष्टींवरून 2k² > (k + 1)² असं काढलंस. शंभर पन्नासपेक्षा मोठे आहेत आणि शंभर दहापेक्षाही मोठे आहेत, म्हणून दहा पन्नासपेक्षा मोठे होत नाहीत. तुझ्याच ओळींत हे बघायचं असेल तर k = 0 घाल. 2⁰ > 0² खरं आहे, 2¹ > 1² हेही खरं आहे, पण 2k² > k² + 2k + 1 याचं 0 > 1 होतं. वरच्या ओळी खऱ्या आणि त्यांखालची खोटी, म्हणजे तो ‘म्हणून’ लागूच पडत नव्हता. अशा ओळीचा संशय आला की एक छोटी संख्या घालून बघायची सवय ठेव. असमानतेतल्या चुका सापडण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

पण गंमत अशी की तुझ्या ओळी खालून वर वाचल्या तर सगळ्या बरोबर आहेत. k² > 2k + 1 असेल तर दोन्ही बाजूंना k² मिळवून 2k² > (k + 1)² येतं. गृहीतकावरून 2·2ᵏ > 2k² आहे. आता मोठ्यापासून लहानाकडे एक सरळ साखळी बनते:

2ᵏ⁺¹ = 2·2ᵏ > 2k² > (k + 1)²

तू केलंस ते सिद्धतेचं कच्चं काम होतं, आणि कच्चं काम उलटंच करतात. मीसुद्धा तसंच करते: कुठे पोचायचंय ते कागदावर लिहायचं, त्यासाठी काय लागेल ते खाली, त्याला काय लागेल ते आणखी खाली. फक्त त्या ओळींच्या मध्ये ‘म्हणून’ लिहायचं नाही, ‘हवंय’ लिहायचं. 2ᵏ⁺¹ > (k + 1)² हवंय. 2k² > (k + 1)² मिळालं तरी पुरे. म्हणजे k² > 2k + 1 हवंय. मग कागद पालटायचा आणि पक्क्या उत्तरात खालची ओळ आधी लिहायची. मुलं कच्चं पान तसंच्या तसं उतरवून काढतात आणि मार्क तिथेच जातात.

राहिला तुझा सगळ्यात चांगला प्रश्न: n = 3 ला खोटं असूनही सिद्धता जमली कशी? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बेस आणि स्टेप यांचं खरं नातं या उदाहरणात जितकं उघड दिसतं तितकं बेरजेच्या सूत्रात कधीच दिसत नाही.

तुझ्या शेवटच्या ओळीत ‘k मोठा असला की’ असे शब्द आहेत. किती मोठा? हे न विचारल्यामुळे सगळं निसटलं. k² > 2k + 1 म्हणजे k² − 2k + 1 > 2, म्हणजे (k − 1)² > 2. k = 1 ला डावीकडे 0, k = 2 ला 1, k = 3 ला 4. तेव्हा ही अट k ≥ 3 असतानाच पाळली जाते. याचा अर्थ आपली स्टेप 3 कडून 4 कडे, 4 कडून 5 कडे, अशी पुढे चालते. 1 कडून 2 कडे आणि 2 कडून 3 कडे ती चालत नाही.

आता विधान स्वतः कुठे खरं आहे ते हाताने काढू. n = 1 ला 2 > 1, खरं. n = 2 ला 4 > 4, खोटं. n = 3 ला 8 > 9, खोटं. n = 4 ला 16 > 16, खोटं. n = 5 ला 32 > 25, खरं.

दोन्ही शेजारी ठेव. तू बेस तपासलास 1 ला आणि तो खरा निघाला. स्टेप मात्र 3 पासून सुरू होते. 1 वर उभं राहून पुढे जायला रस्ता नाही, आणि रस्ता जिथे सुरू होतो तिथे, म्हणजे 3 ला, उभं राहायला जागा नाही, कारण तिथे विधान खोटं आहे. 4 ला पण तेच. स्टेप 3 आणि 4 ला लागू असूनही तिथे तिचा काही उपयोग नाही, कारण ‘जर’ खोटं आहे. 5 ला पहिल्यांदा दोन्ही गोष्टी जुळतात: विधान खरं आणि स्टेप चालू. म्हणून खरं विधान ‘n ≥ 5 असलेल्या सर्व n साठी 2ⁿ > n²’ हे आहे आणि बेस n = 5 आहे. n = 1 चं खरं असणं हा नुसता योगायोग, त्याचा पुढच्या कशालाही आधार नाही.

‘बेस म्हणजे n = 1 घालून बघणे’ असं शाळेत डोक्यात बसतं, आणि बेरजेच्या सूत्रांत ते खपूनही जातं, कारण तिथली स्टेप प्रत्येक k ला चालते. म्हणून मी वर्गात क्रम उलटा करते: आधी स्टेप करायची, ती करताना k वर ज्या अटी लागल्या त्या समासात लिहून ठेवायच्या, आणि मग बेस शोधायचा. समासात ‘k ≥ 3’ असेल तर बेस 3 किंवा त्यापुढचाच घ्यायचा, आणि तिथे विधान खरंही असायला हवं. उत्तर लिहिताना बेस अर्थातच वर येतो, ती फक्त शिष्टाचाराची गोष्ट आहे.

तुझं उत्तर मी असं लिहिलं असतं:

```
P(n): 2ⁿ > n².  n ≥ 5 असलेल्या सर्व n साठी P(n) सिद्ध करू.

बेस.  n = 5:  2⁵ = 32 > 25 = 5².  P(5) खरं.

स्टेप.  k ≥ 5 ही कोणतीही एक संख्या घ्या आणि P(k) खरं समजा,
म्हणजे 2ᵏ > k².
k ≥ 5 म्हणून (k − 1)² ≥ 16 > 2, म्हणजेच k² > 2k + 1.     (१)
आता
2ᵏ⁺¹ = 2·2ᵏ
     > 2k²              (गृहीतक P(k))
     = k² + k²
     > k² + 2k + 1      (१ वरून)
     = (k + 1)²
म्हणजे P(k + 1) खरं.

म्हणून n ≥ 5 असलेल्या सर्व n साठी 2ⁿ > n².
```

यात दोन जागा बघ. ‘गृहीतक P(k)’ हे कंसातले शब्द एकदाच आलेत, आणि ते k साठी आहेत, k + 1 साठी नाहीत. सिद्धता लिहून झाली की गृहीतक वापरलं ती जागा पेन्सिलीने अधोरेखित करायची आणि तिथे कोणती संख्या वापरली ते विचारायचं. तिथे k + 1 दिसला तर तुम्ही फिरून परत तिथेच आलात. अधोरेखित करायला जागाच सापडली नाही तर एक तर विधान इंडक्शनशिवायच सिद्ध होत होतं, किंवा काहीतरी गडबड आहे. आणि दुसरी जागा म्हणजे 2ᵏ⁺¹ > (k + 1)² हे वाक्य पूर्ण उत्तरात वर कुठेच नाही. ते साखळीच्या दोन टोकांत, सगळ्यात शेवटी मिळतं.

ही अधोरेखित करायची सवय पुढे जास्त कामाला येईल, जेव्हा गृहीतक फक्त k साठी पुरणार नाही आणि k च्याही मागच्या संख्यांकडे जावं लागेल. त्याला प्रबल विगमन म्हणतात, वर्गात स्ट्राँग इंडक्शन. तिथे बेसची चूक फार लपून बसते. एक उदाहरण देते.

कँटीनमध्ये फक्त ३ आणि ५ रुपयांची कूपनं आहेत. आठ किंवा त्याहून जास्त कोणतीही पूर्ण रुपयांतली रक्कम या कूपनांनी बरोबर भरता येते, हे सिद्ध करायचंय. सुचणारी स्टेप सोपी आहे: k + 1 रुपये भरायचे तर आधी k − 2 रुपये भरायचे आणि वर ३ चं एक कूपन द्यायचं. मुलं बेस म्हणून 8 = 3 + 5 तपासतात आणि ‘8 पासून k पर्यंतच्या सगळ्या रकमा जमतात असं समजा’ म्हणून वरची स्टेप लिहितात. निष्कर्ष खरा आहे, तरी ही सिद्धता अपुरी आहे. k = 8 घाल. नऊ रुपयांसाठी आपण k − 2 म्हणजे सहा रुपयांकडे गेलो. पण गृहीतक आठ ते k एवढ्यापुरतंच आहे, सहाबद्दल ते काही बोलत नाही. सहा रुपये खरोखर भरता येतात हा नशिबाचा भाग. दहासाठी सातकडे जावं लागतं, आणि सात तर भरताच येत नाहीत.

ही कुरकुर नाही. याच सिद्धतेतून ५ चं कूपन काढून टाक: ‘नऊ किंवा जास्त कोणतीही रक्कम फक्त ३ च्या कूपनांनी भरता येते.’ बेस 9 = 3 + 3 + 3, खरा. स्टेप तीच: k − 2 भरा, वर ३ द्या. अक्षर न् अक्षर तेच उत्तर, आणि दहा रुपये भरता येत नाहीत. म्हणजे तो मुलगा जे लिहीत होता त्यात खरं आणि खोटं वेगळं करण्याची ताकदच नव्हती.

दुरुस्ती अशी. स्टेपमध्ये आपण k + 1 वरून तीन मागे, k − 2 ला जातो. ती संख्या गृहीतकाच्या पट्ट्यात पडायला हवी, म्हणजे k − 2 ≥ 8, म्हणजे k ≥ 10. तेव्हा स्टेप 11 पासूनच्या रकमांची जबाबदारी घेते. उरलेल्या तीन, आठ, नऊ आणि दहा, हाताने भरून दाखवाव्या लागतात: 8 = 3 + 5, 9 = 3 + 3 + 3, 10 = 5 + 5. तीन मागे उडी म्हणून तीन बेस. फक्त ३ च्या कूपनांचं विधान 9, 10, 11 हे तीन बेस मागतं आणि 10 लाच अडकतं, जसं अडकायला हवं तसंच.

उडी किती मागे जाईल हे कधी कधी आधी सांगता येत नाही. ‘1 हून मोठी प्रत्येक संख्या मूळ संख्यांचा गुणाकार आहे’ हे सिद्ध करताना k + 1 मूळ नसेल तर k + 1 = a × b असं लिहितात आणि ‘a आणि b साठी खरं आहे’ म्हणून पुढे जातात. इथेही पेन्सिल घेऊन विचार: a आणि b कुठे आहेत? दोन्ही 2 ते k या पट्ट्यात असायला हवेत. k + 1 = 1 × (k + 1) असं फोडलं तर आपण k + 1 साठी k + 1 चाच आधार घेतला, म्हणजे पुन्हा तुझं ‘गोल गोल फिरणं’. संयुक्त संख्या 1 आणि स्वतः सोडून इतर अवयवांत फोडता येते, म्हणून a आणि b दोन्ही k + 1 हून लहान आणि 1 हून मोठे घेता येतात. ही एक ओळ बरेच जण लिहीत नाहीत आणि सगळी सिद्धता तिच्यावर उभी असते.

घरी करून बघायला एक देते: n! > 3ⁿ. आधी स्टेप कर. (k + 1)! = (k + 1)·k!, आणि गृहीतकावरून k! > 3ᵏ. इथे k + 1 ≥ 3 एवढंच लागतं, म्हणजे स्टेप k = 2 पासूनच चालू होते. इतकी लवकर की बेसही तिथेच कुठेतरी असेल असं वाटतं. पण 6! म्हणजे 720 आणि 3⁶ म्हणजे 729, नऊने हुकलं. 7! = 5040 आणि 3⁷ = 2187. बेस सातला आहे.